पापणी फडफडतेय? आधी आरशात नीट बघा, मग काय ते ठरवा

डोळा फडफडतो असं आपण म्हणतो खरं, पण त्यावेळी डोळ्याला म्हणजे बुबुळाला वगैरे काहीच होत नसतं, हलत असतो तो पापणीतला स्नायू. डोळ्याभोवती गोल फिरलेला, पापणीच्या कातडीखाली अगदी पातळ पसरलेला एक स्नायू असतो, ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युली त्याचं नाव, आणि डोळा मिटणं हे त्याचं काम. दिवसभरात हजारो वेळा तो पापणी मिटतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. त्याला हुकूम देणारी नस म्हणजे चेहऱ्याची नस, मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी सातवी. कधीकधी या नसेचे बारीक धागे कारण नसताना आपले आपणच सिग्नल सोडायला लागतात, आणि त्या धाग्याच्या ताब्यात जेवढे स्नायूचे तंतू असतात तेवढेच थरथरतात. सगळा स्नायू नाही, त्यातला एक छोटासा पट्टा. बस्स, एवढंच. डॉक्टरी भाषेत याला मायोकिमिया म्हणतात.

उजवा डोळा लवला की पुरुषाला चांगलं आणि बाईला वाईट, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे पापणी फडफडायला लागली की निम्मी माणसं आधी मनातल्या मनात कुठला डोळा आहे ते तपासतात :) मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, मला पण आधी कुठला डोळा तेच विचारावं लागतं, फक्त कारण वेगळं. साधी फडफड बहुतेक वेळा एकाच डोळ्याची असते आणि त्यातही खालच्या पापणीची जास्त. काही सेकंद चालते, थांबते, परत येते, असं दिवसातून कितीही वेळा, आणि असं काही दिवस किंवा काही आठवडे चालू राहू शकतं. एखाद्याला तर मधेमधे करत महिनोन्‌महिने पण होतं.

एक गंमत म्हणजे ज्याला होतंय त्याला वाटतं की आख्खा डोळा उडतोय आणि समोरच्या माणसाला दिसत असणार, मीटिंगमध्ये लोक बघतायत, पण समोरच्याला बहुतेक वेळा काहीही दिसत नाही. पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ कातडी, त्यामुळे खाली थोडं जरी हललं तरी आपल्याला खूप जाणवतं. आरशाजवळ जाऊन नीट बघितलं तर कातडीखाली एक बारीक लाट सरकल्यासारखी दिसते. डोळा मिटत नाही. हे लक्षात ठेवा कारण पुढे सगळं याच्यावरच आहे.

आता हे का होतं? खरं सांगायचं तर नस नेमकी त्याच दिवशी का बिथरते हे छातीठोक कोणी सांगू शकत नाही, पण कशाने बिथरते याची यादी जुनी आणि ठरलेली आहे: झोप कमी, टेन्शन, चहा-कॉफी जास्त, दारू, सिगरेट, खूप वेळ स्क्रीन, कोरडे डोळे, कधी फार जोराचा व्यायाम. आणि यातलं एकच एक कारण क्वचितच सापडतं, साधारण तीन-चार गोष्टी एकाच आठवड्यात एकत्र आलेल्या असतात.

उदाहरण सांगते. मार्च एंडच्या सुमारास एक ताई आल्या होत्या, बेचाळीस वर्षांच्या, बँकेत काम करणाऱ्या. डाव्या डोळ्याची खालची पापणी दोनेक आठवडे फडफडत होती. खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "ही पॅरालिसिसची सुरुवात तर नाही ना हो?" हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकायला मिळतो की त्याचं उत्तर इथेच देऊन टाकते. चेहऱ्याचा पॅरालिसिस म्हणजे नस काम करायची थांबते, स्नायू हलत नाही, तोंड वाकडं होतं, डोळा पूर्ण मिटत नाही. फडफडीत उलटं आहे, तिथे स्नायू नको तेव्हा हलतोय. ताईंना डोळे घट्ट मिटायला सांगितले, भुवया वर करायला सांगितल्या, दात दाखवायला सांगितले, दोन्ही बाजू सारख्या हलत होत्या. म्हणजे ताकद जिथल्या तिथे आहे, तो विषय संपला.

मग विचारलं दिवसभर काय काय पिता. "काही नाही, चहाच," असं म्हणाल्या. हे उत्तर पण नेहमीचंच. खोदून विचारल्यावर निघालं की सकाळी घरी दोन कप, ऑफिसात तीन-चार, शिवाय क्लोजिंगमुळे उशीर होतोय म्हणून संध्याकाळी मशीनची कॉफी दोनदा, आणि डोकं दुखतं म्हणून मेडिकलमधून आणलेली डोकेदुखीची गोळी रोज एक. आता हिशोब करू. चहाच्या कपात कॅफिन किती हे पावडर किती, उकळला किती, कप केवढा यावर असतं, पण आपल्या उकळलेल्या चहाचा ठोकळ अंदाज 40 मिलिग्रॅम धरा, सहा कपांचे 240. कॉफीचे दोन कप मिळून 120-140. आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये चक्क कॅफिन असतं, 50 मिलिग्रॅमपर्यंत, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं पण वाचतो कोण. सगळं मिळून गेलं 400 च्या पुढे. तब्येत चांगली असलेल्या मोठ्या माणसाने दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंतच कॅफिन घ्यावं असं साधारण मानतात, गरोदर बायकांसाठी तर 200 च. म्हणजे "काही नाही, चहाच" म्हणणाऱ्या ताई मर्यादा ओलांडून बसल्या होत्या.

बरं, आकड्यापेक्षा वेळ जास्त महत्त्वाची. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सात वाजता घेतलेली कॉफी रात्री बारा वाजता अजून निम्मी रक्तात असते. कॅफिन काय करतं, तर दिवसभर जागल्यावर मेंदूत एक रसायन साठत जातं, ॲडेनोसिन, ज्याने झोप येते, त्याची बसायची जागा कॅफिन अडवून ठेवतं. थकवा जात नाही, फक्त कळत नाही, आणि नसा मात्र सतर्क राहतात. मग रात्री झोप हलकी लागते, सकाळी अंग जड, म्हणून परत चहा, आणि हे चक्र फिरत राहतं. म्हणून थकवा आणि कॅफिन ही दोन वेगळी कारणं मी मानतच नाही, ती बहुतेक वेळा हातात हात घालून येतात. (गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये कॅफिन उतरायला जवळपास दुप्पट वेळ लागतो, हे फार कमी जणींना माहीत असतं.)

ताईंच्या बाबतीत तिसरी गोष्ट पण होती. डोळे कोरडे. स्क्रीनकडे एकटक बघताना आपण पापण्या खूप कमी मिटतो, एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटत असू तर आकडे जुळवत बसल्यावर ते निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. वर एसी. डोळ्यावरचा पाण्याचा थर वाळतो, डोळ्याचा पुढचा भाग चुरचुरतो, आणि ती चुरचुर पापणीच्या स्नायूला सारखी डिवचत राहते. आणि चौथी गोष्ट, चाळिशीचा नंबर लागला होता पण चष्मा केलेला नव्हता, "अजून दिसतंय की" म्हणून. दिसत होतं, पण डोळे बारीक करून, म्हणजे तोच गोल स्नायू दिवसभर आखडून धरून. तो कुरकुर करणारच ना!

डोळ्यांची तपासणी म्हणजे नेमकं काय करतात, ते लोकांना नीट माहीत नसतं, बरेच जण चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून येतात आणि सांगतात तपासून आलो. नंबर हा एक भाग झाला. त्यानंतर स्लिट लॅम्पवर, म्हणजे हनुवटी टेकवून बसतो त्या मशीनवर, पापणीची कड मोठी करून बघतात. तिथे कोंड्यासारखा पांढरा थर आहे का, पापणीतल्या तेलाच्या ग्रंथी बुजल्यात का, पापणीचा एखादा केस आत वळून बुबुळाला घासतोय का, पापणी उलटून बघितली तर आत कचरा अडकलाय का. मग एका कागदी पट्टीने पिवळा रंग डोळ्यात लावतात आणि निळ्या उजेडात बघतात की पापणी मिटून उघडल्यावर पाण्याचा थर किती सेकंद टिकतो. दहा सेकंदांपेक्षा लवकर फाटला तर कोरडेपणा धरतात, ताईंचा पाच सेकंदातच फाटत होता. दुखत काही नाही, रंग थोड्या वेळात निघून जातो, फक्त कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाऊ नका, रंगाने खराब होतात.

उपाय एकदम साधे निघाले आणि मला माहितेय की साधे उपाय ऐकायला कोणाला आवडत नाहीत, दोनशे रुपयांचं औषध लिहून दिलं की बरं वाटतं. जवळचा चष्मा. डोळे ओले ठेवणारे ड्रॉप्स दिवसातून चार वेळा. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद, आणि सकाळचे कप हळूहळू कमी, एकेक करून. हळूहळू हे मुद्दाम सांगते कारण कॅफिन एकदम तोडलं की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं आणि पुढचे एकदोन दिवस ते सगळ्यात जास्त दुखतं, मग माणूस वैतागून दुप्पट चहा पितो, किंवा ताईंसारखी कॅफिनवालीच गोळी घेतो. आणि झोप, निदान सात तास. क्लोजिंग संपेपर्यंत झोपेचं काही जमलं नाही हे त्यांनीच फोनवर सांगितलं, पण एप्रिलमध्ये फडफड कमी होत होत बंद झाली. आता ती चष्म्याने गेली का चहाने का क्लोजिंग संपल्याने, हे मी सांगू शकत नाही आणि कोणी ठामपणे सांगत असेल तर फार विश्वास ठेवू नका, कारण साधी फडफड बहुतेक वेळा आपली आपणच पण जाते.

त्यामुळेच तर हिच्यावर इतके उपाय लागू पडतात. कोणी केळी खातं, कोणी मॅग्नेशियमच्या गोळ्या घेतं, आणि दोन आठवड्यांनी थांबलं की त्या गोळीचं नाव होतं. शरीरात मॅग्नेशियम खरोखर फार कमी झालं तर स्नायू थरथरतात हे खरं आहे, पण मग नुसती पापणी नाही, बाकीच्या तक्रारी पण येतात. लघवी जास्त व्हायच्या गोळ्या किंवा वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ते कमी होऊ शकतं, त्यांनी डॉक्टरांना विचारून रक्त तपासावं. बाकीच्यांनी केळं खा, चांगलंच आहे, पण पापणीसाठी म्हणून खास पुरावा असा काही नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. मेडिकलमध्ये जाऊन "डोळा फडफडतोय, काहीतरी ड्रॉप द्या" असं म्हणू नका. बऱ्याचदा हातात स्टेरॉइड असलेली बाटली पडते, त्याने डोळा पांढराशुभ्र आणि मस्त वाटतो, आणि लोक तीच बाटली महिनोन्‌महिने घालत राहतात, मग डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. आणि फडफडीवर त्याचा उपयोग शून्य. गुलाबपाणी, मध वगैरे पण नको. बंद डोळ्यावर कोमट फडक्याचा शेक चालतो, त्याने पापणीतल्या तेलग्रंथी मोकळ्या होतात आणि बरं वाटतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग. सगळीच फडफड साधी नसते, आणि वेगळी कशी ओळखायची तर ती कशी हलते त्यावरून.

त्या बँकेतल्या ताईंच्या बरोबर उलटी केस म्हणजे एक रिटायर्ड काका. त्यांची पण सुरुवात डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीपासूनच झालेली, सगळ्यांनी सांगितलं थकवा आहे, झोपा. वर्षभर तेच ऐकत राहिले. पण हळूहळू ते गालात उतरलं आणि मग ओठाचा कोपरा पण पापणीबरोबर ओढला जायला लागला, एकाच वेळी, एकाच झटक्यात. काकू म्हणाल्या, "झोपेत पण चालू असतं हो यांचं." इथे कान टवकारले पाहिजेत. साधी फडफड पापणी सोडून गालावर जात नाही. आणि आणखी एक खूण होती, झटका आला की डोळा मिटायचा आणि त्याच बाजूची भुवई वर जायची. तुम्ही आत्ता करून बघा, एक डोळा घट्ट मिटायचा आणि तीच भुवई वर न्यायची, जमत नाही. एकाच नसेच्या सगळ्या फांद्या एकदम पेटल्या तरच ते होतं. याला हेमिफेशियल स्पाझम म्हणतात. बहुतेक वेळा मेंदूतून ही सातवी नस जिथून निघते तिथे एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकलेली असते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर तिला घासत असते. फार कमी वेळा तिथे गाठ असते. म्हणून अशा पेशंटला न्यूरोलॉजिस्टकडे पाठवतात आणि एमआरआय होतो. काकांची रक्तवाहिनीच निघाली. त्यांनी बोटॉक्सची इंजेक्शन्स घेतली, हो तेच सुरकुत्यांवालं, अगदी थोड्या प्रमाणात त्या स्नायूत देतात, असर साधारण तीन महिने राहतो आणि मग परत घ्यावं लागतं. ऑपरेशन करून नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये छोटी गादी ठेवायचा पर्याय पण असतो, पण तो मेंदूजवळचा मामला, वयाकडे बघून त्यांनी नको म्हटलं.

दुसरी वेगळी गोष्ट म्हणजे दोन्ही डोळे एकदम मिटणं. ही पन्नास-साठीच्या बायकांमध्ये जास्त दिसते, सुरुवातीला नुसत्या पापण्या जास्त मिटल्या जातात, उन्हात डोळे उघडवत नाहीत, खुपल्यासारखं वाटतं, त्यामुळे आधी कोरडेपणाचे ड्रॉप्सच चालू राहतात आणि वर्षं निघून जातात. मग हळूहळू डोळे आपोआप घट्ट मिटायला लागतात, रस्ता ओलांडताना, भाजी चिरताना. याला ब्लेफरोस्पाझम म्हणतात आणि त्याचं मूळ पापणीत नाही, मेंदूत हालचालींवर ताबा ठेवणारा जो भाग आहे तिथे असतं. यात एक विचित्र गोष्ट दिसते, कपाळाच्या कडेला बोट लावलं किंवा गुणगुणलं की काही जणींचे डोळे तेवढ्यापुरते उघडतात, म्हणून घरच्यांना वाटतं नाटक करतेय. नाटक नसतं ते. यावर पण बोटॉक्स हाच मुख्य उपाय. मळमळीच्या किंवा मानसिक आजारांच्या काही गोळ्यांनी पण असं होऊ शकतं, पण म्हणून मनाने गोळी बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारायचं.

लहान मुलाचे डोळे सारखे मिचकावले जात असतील तर ते पण हे नव्हे. तिथे नंबर, ॲलर्जी, किंवा सवयीचा झटका म्हणजे टिक, असं काहीतरी असतं, आणि ओरडून ते थांबत नाही, वाढतंच. एकदा डोळे तपासून घ्या.

मग दाखवायचं कधी? नुसती खालची पापणी बारीक थरथरतेय, डोळा मिटत नाही, बाकी चेहरा ठीक, दिसतंय नीट, तर दोन-तीन आठवडे झोप आणि चहाकडे बघा, घाई नाही. तीन आठवडे झाले तरी चालूच असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. पण डोळा पूर्ण मिटत असेल, गाल किंवा तोंड ओढलं जात असेल, वरची पापणी खाली लोंबायला लागली असेल (फडफडीने पापणी लोंबत नाही, ते दुसरं काहीतरी असतं), डोळा लाल होऊन पू येत असेल, दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर आठवडे मोजत बसायचं नाही, त्या दोन-चार दिवसांतच दाखवायचं. आणि चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली, एकाचं दोन दिसायला लागलं, तर डोळ्यांचा दवाखाना नाही, सरळ मोठं हॉस्पिटल, त्याच तासाला.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, डोकेदुखीच्या धरून, पाकिटासकट न्या. आणि घरी फडफड सुरू झाली की मोबाईल खिडकीजवळच्या उजेडात धरून अर्धा मिनिट व्हिडिओ काढा, नुसत्या डोळ्याचा नको, भुवईपासून हनुवटीपर्यंत आख्खा चेहरा आला पाहिजे, कारण दवाखान्यात खुर्चीत बसलं की ती पापणी हटकून शांत होते आणि डॉक्टरला बघायला काहीच मिळत नाही.